धमकीचा बचाव आणि निकडीचा बचाव: निरपराध माणसाचा जीव घेतल्यावर दोन्ही का अपुरे पडतात? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

धमकीचा बचाव आणि निकडीचा बचाव यांत मूळ फरक कोणता?

दोन्ही बचावांत आरोपी एकच सांगत असतो: "कृत्य मी केले, पण दुसरा मार्ग नव्हता." फरक हा, की मार्ग बंद कोणी केला. धमकीच्या बचावात तो दुसऱ्या माणसाने बंद केलेला असतो. कोणीतरी मानेवर सुरी ठेवून अमुक एक गुन्हा करायला लावतो. निकडीच्या बचावात धमकावणारा कोणी नसतो. आग, वादळ, बुडती बोट किंवा ब्रेक निकामी झालेली गाडी अशी परिस्थितीच माणसाला दोन अनिष्टांपैकी एक पत्करायला लावते.

भारतात हे दोन्ही बचाव भारतीय न्याय संहिता, २०२३ मधील सर्वसाधारण अपवादांच्या प्रकरणात आहेत. निकड कलम १९ मध्ये आहे, धमकी कलम ३२ मध्ये. १ जुलै २०२४ पूर्वीच्या गुन्ह्यांना भारतीय दंड संहिता, १८६० लागू असल्यामुळे त्या प्रकरणांत हीच कलमे अनुक्रमे ८१ आणि ९४ या क्रमांकांनी आढळतील. मजकूर जवळजवळ तसाच राहिला आहे.

कायद्याने दिलेली उदाहरणे पाहिली की फरक चटकन ध्यानात येतो. दरोडेखोरांची टोळी एका लोहाराला पकडते आणि तत्काळ ठार मारण्याची धमकी देऊन त्याच्याच हत्यारांनी एका घराचे दार फोडायला लावते. हा लोहार कलम ३२ खाली सुटतो. याउलट मोठ्या आगीत, आग पसरू नये म्हणून मधली घरे पाडणारा माणूस कलम १९ खाली सुटतो. लोहाराने केले ते योग्यच होते असे कोणी म्हणत नाही. त्याच्या जागी दुसरा कोणीही तेच करता, म्हणून कायदा त्याला माफ करतो. घरे पाडणाऱ्याचे मात्र उलट आहे. त्याने केले ते बरेच केले, असे कायदा मानतो. माफी आणि समर्थन यांतला हा भेद पुढच्या जवळजवळ प्रत्येक प्रश्नात डोकावेल.

धमकीचा बचाव मिळण्यासाठी भारतात कोणत्या अटी आहेत?

अटी कडक आहेत, आणि वकिलांचा अनुभव नसलेल्या वाचकाला त्या अन्यायकारकही वाटू शकतील. धमकी मृत्यूचीच हवी. हातपाय मोडण्याची, घर जाळण्याची किंवा अब्रू घेण्याची धमकी पुरत नाही. तो मृत्यू तत्काळ ओढवेल अशी वाजवी भीती कृत्य करतेवेळी असली पाहिजे. "पुढच्या आठवड्यात बघून घेऊ" या धमकीला या कलमात जागा नाही. मृत्यूही स्वतः आरोपीचा हवा. कलमाचे शब्द "त्या व्यक्तीचा तत्काळ मृत्यू" असेच असल्यामुळे, मुलाच्या गळ्यावर सुरी ठेवून बापाकडून गुन्हा करवून घेतला तर हे कलम शब्दशः वाचल्यास बापाच्या मदतीला येत नाही. नव्या संहितेत ही त्रुटी दुरुस्त करता आली असती, पण ती तशीच ठेवली गेली.

शिवाय आरोपी आपण होऊन त्या पेचात गेलेला नसावा. जो स्वखुशीने, किंवा केवळ मारहाणीच्या भीतीने, दरोडेखोरांच्या टोळीत सामील झाला, त्याला पुढे "टोळीने मला भाग पाडले" असे म्हणता येत नाही, हे कलमाच्या स्पष्टीकरणातच सांगितले आहे.

या सगळ्या अटी पूर्ण झाल्या तरीही कलमाचे पहिलेच शब्द दोन गुन्हे वगळतात: खून, आणि देहदंडास पात्र असलेले राज्याविरुद्धचे अपराध. इंग्लंडमध्ये जो नियम न्यायाधीशांनी निवाड्यांतून घडवला, तो आपल्याकडे १८६० सालीच कलमात लिहिला गेला.

कलम १९ मध्ये "खून वगळून" असे शब्द नाहीत. मग निकड म्हणून केलेल्या हत्येला हे कलम चालेल का?

सहसा नाही, आणि त्याचे कारण कलमाच्या रचनेत आहे. कलम १९ जाणीव आणि उद्देश यांत भेद करते. आपल्या कृत्याने कोणाला तरी अपाय होण्याचा संभव आहे एवढी जाणीव असली, तर केवळ त्या जाणिवेमुळे कृत्य अपराध ठरत नाही. मात्र अपाय करण्याचा गुन्हेगारी उद्देश नसला पाहिजे, आणि दुसरा अपाय टाळण्यासाठी ते कृत्य सद्भावपूर्वक, म्हणजे योग्य ती काळजी घेऊन केलेले असले पाहिजे.

कलमाखालचे जहाजाच्या कप्तानाचे उदाहरण नीट वाचण्यासारखे आहे. कप्तानाची काहीही चूक नसताना त्याचे जहाज वीस-तीस उतारू असलेल्या एका बोटीवर आदळण्याच्या बेतात येते. थांबायला वेळ नाही. दिशा बदलली तर दोनच उतारू असलेल्या दुसऱ्या बोटीला धक्का लागण्याचा धोका आहे, पण कदाचित ती चुकवताही येईल. दुसऱ्या बोटीला अपाय करण्याचा कोणताही उद्देश न ठेवता कप्तान दिशा बदलतो आणि दुर्दैवाने तिला बुडवतो. टाळायचा धोका पुरेसा मोठा होता असे तथ्यांवरून दिसले, तर तो अपराधी नाही.

"कदाचित चुकवताही येईल" हे शब्द तिथे सहज आलेले नाहीत. त्या दोघांचे मरण हे कप्तानाचे साधन नव्हते. ते वाचले असते तर त्याचा हेतू अधिकच चांगला साधला असता. माणसाला मारूनच जिथे हेतू साधायचा असतो, तिथे "उद्देश नव्हता" असे म्हणायला जागा उरत नाही. हाच फरक दाखवणारा प्रत्यक्ष खटला १८८४ सालचा आहे.

'मिग्नोनेट' बोटीवर नेमके काय घडले?

'मिग्नोनेट' ही एक लहान इंग्रज यॉट होती. ती सिडनीच्या मालकाकडे पोहोचवायची होती आणि १९ मे १८८४ रोजी ती साउथॅम्प्टनहून निघाली. बोटीवर चारच माणसे होती: कप्तान टॉम डडली, त्याचा दुय्यम एडविन स्टीफन्स, खलाशी एडमंड ब्रूक्स आणि सतरा वर्षांचा पोरगा रिचर्ड पार्कर. ५ जुलै रोजी, केप ऑफ गुड होपपासून सुमारे १६०० मैलांवर, वादळात यॉट बुडाली. चौघे एका उघड्या होडीत उतरले. बरोबर सलगमाचे दोन डबे होते, गोडे पाणी नव्हते.

चौथ्या दिवशी त्यांना एक कासव सापडले आणि ते साधारण बाराव्या दिवसापर्यंत पुरले. त्यानंतर आठ दिवस पोटात काही नाही. पिण्यासाठी अधूनमधून रेनकोटात धरलेले पावसाचे पाणी, तेवढेच. पार्कर समुद्राचे पाणी प्याला होता आणि होडीच्या तळाशी निपचित पडून होता. चिठ्ठ्या टाकून एकाला मारावे असे डडलीने सुचवले, पण ब्रूक्स तयार झाला नाही आणि चिठ्ठ्या टाकल्याच गेल्या नाहीत. आपल्याला बायकामुले आहेत, पोराला कोणी नाही, असेही बोलणे झाले. विसाव्या दिवशी, २५ जुलैला, डडलीने प्रार्थना केली, पोराला त्याची वेळ भरल्याचे सांगितले आणि चाकूने त्याचा गळा चिरला. स्टीफन्सची संमती होती, ब्रूक्सची नव्हती. पण पुढचे चार दिवस तिघेही त्या देहावर जगले. २९ जुलैला एका जर्मन जहाजाने त्यांना वर घेतले, तेव्हा ते शेवटच्या घटका मोजत होते.

सप्टेंबरात फालमथ बंदरात उतरल्यावर त्यांनी काहीही लपवले नाही. बंदरावरच्या अधिकाऱ्यांसमोर डडलीने सगळी हकीकत सांगितली, कारण आपण गुन्हा केला आहे असे त्याला वाटतच नव्हते. समुद्रावरच्या प्रथेप्रमाणे अशा गोष्टी घडत आणि त्या मुकाट्याने समजून घेतल्या जात. लोकांची सहानुभूतीही त्यांच्याच बाजूला होती. ब्रूक्सला साक्षीदार करून उरलेल्या दोघांवर खुनाचा खटला भरण्यात आला.

ज्यूरीला काय आढळले होते?

खटल्याचे खरे वजन इथे आहे. एक्झेटर येथे ज्यूरीने दोषी किंवा निर्दोष असा कौल न देता फक्त तथ्ये नोंदवली आणि कायद्याचा प्रश्न वरच्या न्यायपीठाकडे सोपवला. ती तथ्ये आरोपींना जवळजवळ पूर्ण अनुकूल होती. त्यांनी ते मांस खाल्ले नसते तर बहुधा ते सुटकेपर्यंत जगले नसते. पोरगा इतका खंगलेला होता की तो बहुधा त्यांच्या आधी मेला असता. क्षितिजावर जहाज नव्हते आणि मदतीची वाजवी आशाही नव्हती. कोणाला तरी मारल्याखेरीज जीव वाचण्याचा उल्लेखनीय संभव नव्हता.

शेवटी ज्यूरीने एक वाक्य जोडले: कोणाला तरी मारण्याची निकड होती असे गृहीत धरले, तरी इतर तिघांपैकी कोणालाही सोडून पोरालाच मारण्याची अधिक निकड नव्हती.

म्हणजे "खरोखर निकड होती का?" हा वाद तथ्यांवर मिटलेलाच होता. प्रश्न एवढाच उरला, की इतकी निकड असूनही कायदा ती मान्य करील का.

न्यायालयाने नकार का दिला?

९ डिसेंबर १८८४ रोजी लॉर्ड कोलरिज यांच्या अध्यक्षतेखालील न्यायपीठाने निवाडा दिला. त्यातला पहिला मुद्दा मोजमापाचा आहे. कोणाचा जीव अधिक मोलाचा हे ठरवणार कोण, आणि कशाने? ताकदीने, बुद्धीने, की कुटुंबाच्या आकाराने? त्या होडीत हे ठरवणारा माणूस तोच होता ज्याचा जीव त्या निर्णयाने वाचणार होता. अशा वेळी सगळ्यांत दुबळा, सगळ्यांत लहान आणि प्रतिकार न करू शकणारा निवडला जातो, आणि नेमके तेच घडले होते.

दुसरा मुद्दा कर्तव्याचा. स्वतःचा जीव वाचवणे हे सर्वसाधारणपणे कर्तव्य असेल, पण काही वेळा तो देणे हे त्याहून मोठे कर्तव्य असते. कप्तानाचे आपल्या खलाशांबाबत, सैनिकाचे युद्धात. पार्करने कोणावर हल्ला केला नव्हता, कोणाचे अन्न हिसकावले नव्हते. त्या तिघांवर ओढवलेल्या संकटाला तो कारण नव्हता, उलट त्यांच्याइतकाच त्याचा बळी होता.

न्यायाधीशांनी हेही कबूल केले, की या आरोपींच्या जागी आपण असतो तर कदाचित आपणही या मोहाला बळी पडलो असतो. पण म्हणून मोहाला बचाव म्हणून जाहीर करण्याचा अधिकार आपल्याला पोहोचत नाही. माझ्या मते सगळ्या निवाड्यात ही जागा सर्वांत प्रामाणिक आहे. निवाडा या माणसांना दुष्ट म्हणत नाही. एखाद्या प्रसंगी माणूस काय करील आणि त्याला काय करण्याचा हक्क आहे, हे दोन प्रश्न तो वेगळे ठेवतो.

दोघांना देहदंड सुनावण्यात आला आणि राणीच्या माफीने तो सहा महिन्यांच्या कैदेवर आणण्यात आला.

भारताच्या कलम १९ खाली डडली सुटला असता का?

नाही. चाकू चालवताना पोरगा मरावा हाच उद्देश होता. मृत्यू हा कृत्याचा आनुषंगिक परिणाम नव्हता. कप्तानाची दुसरी बोट सुटली असती तर त्याला आनंदच झाला असता. पार्कर वाचला असता तर डडलीचा बेत फसला असता. ही कसोटी कोणत्याही नव्या उदाहरणाला लावून पाहावी: बळी वाचला असता तर आरोपीचे काम बिघडले असते का? बिघडले असते, तर कलम १९ सहसा उपयोगाचे नाही.

चिठ्ठ्या टाकल्या असत्या तर निकाल बदलला असता का?

इंग्रज निवाड्याच्या तर्काने पाहता, नाही. न्याय्य पद्धतीने निवडलेला निरपराध माणूसही निरपराधच राहतो. अमेरिकेत मात्र त्याआधी एका न्यायाधीशाने चिठ्ठ्यांचा मार्ग मोकळा ठेवला होता. १८४१ साली 'विल्यम ब्राउन' हे जहाज हिमनगावर आदळून बुडाले, आणि गळकी, खचाखच भरलेली होडी हलकी करण्यासाठी खलाशांनी उतारूंना समुद्रात ढकलले. १८४२ साली फिलाडेल्फियात होम्स नावाच्या खलाशावर खटला चालला. होडी चालवायला लागतील तेवढेच खलाशी ठेवावेत, बाकीच्यांनी उतारूंसाठी जागा करावी आणि उतारूंमधून निवडायची वेळ आलीच तर चिठ्ठ्या टाकाव्यात, असे न्यायाधीशांनी ज्यूरीला सांगितले. होम्स सदोष मनुष्यवधासाठी दोषी ठरला. शिक्षा झाली सहा महिने कैद आणि वीस डॉलर दंड. चिठ्ठ्यांचा हा नियम पुढे कुठे रुजला असे दिसत नाही.

निकडीच्या प्रसंगी माणूस स्वतः निवड करतो. धमकीत तर निवड दुसऱ्याची असते. मग धमकी दिलेल्यालाही खुनाच्या बाबतीत सवलत का नाही?

हा सर्वांत अवघड प्रश्न आहे, आणि इंग्लंडमधल्या सर्वोच्च न्यायपीठालाही त्यावर स्वतःचेच मत फिरवावे लागले. १९७५ साली उत्तर आयर्लंडमधील लिंच याच्या खटल्यात, सशस्त्र माणसांच्या धमकीने गाडी चालवणाऱ्या माणसाला हा बचाव मांडता येईल असे हाउस ऑफ लॉर्ड्सने बहुमताने ठरवले. गाडीतल्या माणसांनी एका पोलिसाला ठार मारले होते. लिंचने स्वतः गोळी झाडली नव्हती. १९८७ साली हाउ याच्या खटल्यात त्याच न्यायालयाने तो निवाडा रद्द केला: खुनाला धमकीचा बचाव नाही, मग आरोपीने स्वतः मारलेले असो वा मारणाऱ्याला मदत केलेली असो.

त्यामागे तीन विचार होते. पहिला 'मिग्नोनेट'चाच आहे: निकडीच्या प्रसंगी, जिथे कोणी दुष्ट माणूस मध्ये नाही, तिथे जर माणूस दुसऱ्याचा जीव घेऊ शकत नाही, तर धमकीच्या प्रसंगी का घेऊ शकावा? धमकी हा निकडीचाच एक प्रकार आहे. दुसरा विचार व्यवहाराचा आहे. धमकी देऊन खून करवून घेणे सोपे होऊ द्यायचे नाही. टोळीच्या म्होरक्याला जर माहीत असेल, की धमकावलेला माणूस कोर्टात सुटणार आहे, तर धमकी हे त्याचे हत्यार अधिक धारदार होते, आणि अशा धमक्यांचा पुरावा तपासायचा म्हटले तर समोर बहुधा आरोपीचाच शब्द असतो. तिसरा विचार असा, की ज्या प्रसंगी तडजोडीला खरोखर जागा आहे, तिथे ती शिक्षेत, आरोप ठेवण्याच्या निर्णयात किंवा माफीत करावी. दोषसिद्धीच्या नियमात नव्हे.

या तिसऱ्या विचाराला एक अडचण आहे, आणि ती १९९२ सालच्या गॉट्स याच्या खटल्यात दिसते. सोळा वर्षांच्या मुलाला बापाने धमकावले होते: आईला मार, नाहीतर तुला मारतो. मुलाने आईवर चाकूने वार केला, ती वाचली. खुनाच्या प्रयत्नालाही हा बचाव नाही असे न्यायालयाने तीन विरुद्ध दोन मतांनी ठरवले. मुलाला प्रत्यक्षात प्रोबेशनवर सोडण्यात आले होते. शिक्षा हलकी झाली हे खरे, पण खुनाचा प्रयत्न केल्याचा शिक्का बसलाच. आणि ती बाई मेली असती, तर खुनाची ठरीव शिक्षा कमी करायलाही जागा उरली नसती.

भारतीय कलमात मात्र शब्द "खून" एवढाच आहे. त्यामुळे शब्दशः वाचल्यास खुनाच्या प्रयत्नाला, जो संहितेत स्वतंत्र अपराध आहे, कलम ३२ चा बचाव मांडता येतो, अर्थात बाकीच्या सर्व अटी पूर्ण होत असतील तर.

नकार दिल्याने बळी वाचणारच नसेल, तर मरायचे कशासाठी?

हा प्रश्न द्राझेन एर्देमोविच याच्या खटल्यात आला. १६ जुलै १९९५ रोजी, बोस्नियातील स्रेब्रेनिका हे शहर सर्ब सैन्याच्या हाती पडल्यानंतर, बोस्नियाच्या सर्ब सैन्यातील या तरुण सैनिकाला पिलित्सा गावाजवळच्या एका शेतावर नेण्यात आले. बसमधून बोस्नियाक, म्हणजे बोस्नियातील मुस्लिम, पुरुष आणले जात होते आणि दहा-दहाच्या गटाने उभे करून त्यांना गोळ्या घातल्या जात होत्या. त्याने नकार दिला तेव्हा, इतकी दया येत असेल तर तूही त्यांच्या रांगेत उभा राहा, असे त्याला सांगण्यात आले. त्याने गोळ्या झाडल्या. त्याच्या स्वतःच्या अंदाजाने त्याने सुमारे सत्तर माणसे मारली. तो आपण होऊन पुढे आला. त्याने सांगितले नसते तर त्या शेतावरची हत्या इतक्या लवकर उजेडात आली नसती.

पूर्वीच्या युगोस्लाव्हियासाठीच्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाच्या अपील शाखेने ७ ऑक्टोबर १९९७ रोजी तीन विरुद्ध दोन मतांनी ठरवले, की निरपराध माणसे मारणाऱ्या सैनिकाला धमकी हा पूर्ण बचाव नाही. ती फक्त शिक्षेत विचारात घेता येईल. न्यायाधीश कासेसी यांचे विरोधी मत अजूनही वाचले जाते. त्यांचा मुद्दा असा, की त्या शेतावर एर्देमोविचने गोळी न झाडल्याने एकही माणूस वाचला नसता, केवळ एक प्रेत वाढले असते. 'मिग्नोनेट'वर एकाच्या बदल्यात दुसऱ्याचा जीव जात होता. इथे अदलाबदल नव्हतीच. मग कायदा ज्याची मागणी करतो ते हौतात्म्य कोणासाठी?

बहुमताचे उत्तर मुख्यतः धोरणाचे होते: युद्धात दुबळ्यांचे रक्षण करायचे, तर शस्त्रधारी माणसाला निरपवाद मर्यादा सांगितली पाहिजे. हे उत्तर मला पूर्ण समाधानकारक वाटत नाही, पण विरोधी मत स्वीकारले तर प्रत्येक फायरिंग पथकातला प्रत्येक जण "मी नाही तर दुसऱ्याने मारले असते" असे म्हणू शकेल, हेही विसरता येत नाही. एर्देमोविचला शेवटी १९९८ साली पाच वर्षांची शिक्षा झाली. त्याच वर्षी स्वीकारलेल्या, आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचा पाया असलेल्या रोम संविधीने मात्र धमकी आणि निकड एकाच तरतुदीत आणून, टाळायच्या अपायाहून मोठा अपाय करण्याचा उद्देश नसावा या अटीवर, हत्येच्या बाबतीतही हा बचाव पूर्णपणे बंद केलेला नाही. म्हणूनच मी "सहसा" हा शब्द वापरतो आहे.

एकाला मारून अनेक वाचत असतील तर?

संख्येने नियम बदलत नाही, असे न्यायालयांनी बहुतेक वेळा म्हटले आहे. जर्मनीच्या घटना न्यायालयाने १५ फेब्रुवारी २००६ रोजी, अपहरण झालेले प्रवासी विमान पाडण्याचा अधिकार देणारी तरतूद रद्द केली. विमानातील निरपराध प्रवाशांना इतरांना वाचवण्याचे साधन बनवता येत नाही, हे त्याचे एक मुख्य कारण होते.

एक गाजलेला अपवाद इंग्लंडमध्ये २००० साली घडला. जुळ्या बहिणी शरीराने जोडलेल्या जन्मल्या होत्या; न्यायालयाने त्यांना जोडी आणि मेरी अशी टोपणनावे दिली. मेरीचे हृदय आणि फुफ्फुसे काम करत नव्हती, ती जोडीच्या रक्तप्रवाहावर जगत होती आणि हा भार काही महिन्यांत दोघींना मारणार होता. वेगळे केले तर मेरी लगेच मरणार होती. आईवडिलांचा विरोध असूनही अपील न्यायालयाने शस्त्रक्रियेला परवानगी दिली. न्यायाधीश ब्रूक यांनी ती निकडीच्या आधारे दिली आणि 'मिग्नोनेट'शी फरकही दाखवला: इथे कोणी मरायचे हे माणसाने निवडले नव्हते, निसर्गाने ते आधीच ठरवून ठेवले होते. न्यायालयाने आपला निर्णय याच अगदी विशिष्ट तथ्यांपुरता मर्यादित ठेवला.

स्वसंरक्षणात मारलेले चालते, मग हे का चालत नाही?

खाजगी संरक्षणाचा हक्क हल्ला करणाऱ्याविरुद्ध असतो. धमकीच्या आणि निकडीच्या प्रसंगी मारला जाणारा माणूस हल्लेखोर नसतो, तिसराच कोणीतरी असतो. ज्याने तुमच्यावर बंदूक रोखली त्याच्यावर तुम्ही वार करू शकता. त्याने सांगितले म्हणून शेजाऱ्यावर नाही.

गंमत म्हणजे हल्लेखोर दोषी असलाच पाहिजे असेही नाही. कलम ३६ नुसार वेड्या माणसाचा हल्ला त्याच्या दृष्टीने अपराध नसला, तरी त्याच्याविरुद्ध तुमचा हक्क शाबूत असतो. आणि कलम ४४ मध्ये एक पाऊल आणखी पुढे टाकले आहे: जमाव तुम्हाला ठार मारायला आला असेल आणि गोळी झाडल्याशिवाय बचाव शक्यच नसेल, पण जमावात लहान मुले मिसळलेली असतील, तर गोळी झाडताना मुलांना इजा झाली तरी अपराध होत नाही. वरकरणी हे आपल्या सगळ्या चर्चेच्या उलट वाटेल. पण इथेही मुलांना इजा हा उद्देश नाही. ती कप्तानाच्या दुसऱ्या बोटीच्या जागी आहेत.

मी मारले नाही. धमकीमुळे फक्त प्रेत लपवायला मदत केली. मग?

हा वेगळा अपराध आहे. पुरावा नाहीसा करणे संहितेच्या कलम २३८ खाली येते, खुनाच्या कलमाखाली नाही. त्यामुळे कलम ३२ चा बचाव मांडता येतो. अडचण येते ती वेळेची. धमकी कृत्याच्या क्षणी जिवंत असावी लागते. मारेकरी शेजारी शस्त्र घेऊन उभा असताना खड्डा खणला, तर बाजू भक्कम आहे. मारेकरी निघून गेला, पुढचे काही दिवस मोकळे होते, पोलीस ठाणे जवळ होते आणि तरीही तोंड उघडले नाही, तर "तत्काळ मृत्यूची भीती" टिकत नाही. अशा खटल्यांत बचाव बहुधा इथेच मोडतो.

अपवाद सिद्ध करण्याचा भार भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १०८ नुसार आरोपीवर असतो. मात्र सरकारी पक्षासारखे संशयापलीकडे सिद्ध करावे लागत नाही. तशी शक्यता अधिक आहे एवढे दाखवले तरी पुरते.

बचाव फेटाळला गेला, तर शिक्षेत काही फरक पडतो का?

भारतात फारच थोडा. खुनाची किमान शिक्षा जन्मठेप आहे. डडलीसारखा माणूस सत्र न्यायालयासमोर आला तर न्यायाधीशाला देहदंड टाळता येईल. पण जन्मठेपेखाली जाण्याचा अधिकार त्यांना नाही. खुनाचा सदोष मनुष्यवध होण्यासाठी कलम १०१ मध्ये जे पाच अपवाद दिले आहेत, गंभीर व आकस्मिक प्रक्षोभ किंवा अचानक झालेले भांडण यांसारखे, त्यांत धमकीही नाही आणि निकडही नाही. रागाच्या भरात मारणाऱ्याला जी सवलत आहे, ती भीतीपोटी मारणाऱ्याला नाही, ही विसंगती अभ्यासकांनी अनेकदा दाखवली आहे.

त्यामुळे उरते ती शासनाची दया. शिक्षेत सूट देण्याचा शासनाचा अधिकार भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत आहे. पण ज्या अपराधाला देहदंडही होऊ शकतो त्यात जन्मठेप झाली असेल, तर त्या मार्गाने चौदा वर्षे पूर्ण होण्यापूर्वी सुटका होत नाही. राष्ट्रपतींचा अनुच्छेद ७२ खालचा आणि राज्यपालांचा अनुच्छेद १६१ खालचा अधिकार या मुदतीने बांधलेला नाही. राणीने डडली आणि स्टीफन्स यांच्यासाठी जे केले, ते करण्याचा आपल्याकडचा मार्ग एवढाच आहे, आणि त्यासाठी आधी दोषसिद्धी व्हावी लागते.